कॅपलेटची रक्कम बँकेच्या आकड्याशी दर तिमाहीला जुळत नसेल तर

बदलत्या दराचे डॉलर कर्ज घेतलेल्या भारतीय कंपन्यांच्या ट्रेझरी विभागात एक तक्रार वारंवार ऐकू येते. व्याजदर वाढला तर भार मर्यादित राहावा म्हणून बँकेकडून इंटरेस्ट रेट कॅप घेतलेली असते, तिमाही संपल्यावर कॅपच्या त्या तिमाहीपुरत्या भागाची, म्हणजे कॅपलेटची, रक्कम खात्यात जमा होते, आणि ती आपल्या एक्सेल शीटमधील रकमेशी जुळत नाही. फरक कधी शे-दीडशे डॉलरचा असतो, तर कधी शीट शून्य दाखवत असताना बँक हजारो डॉलर जमा करते. मध्येच एखाद्या तिमाहीत दोन्ही आकडे सेंटपर्यंत जुळतात, त्यामुळे शीट दुरुस्त झाली असे समजून विषय बंद होतो, आणि पुढच्या तिमाहीत फरक पुन्हा उभा राहतो.

असा फरक नेमका किती आहे यापेक्षा तो कोणत्या जातीचा आहे हे आधी पाहावे, कारण प्रत्येक चूक आकड्यांत आपली वेगळी खूण सोडते. ही तपासणी ग्राहकाने स्वतः करावी असे मला आग्रहाने वाटते. बहुतेक करारांत रक्कम ठरवण्याचे काम बँकेकडेच असते आणि बँकेचा आकडा बरोबरच असेल असे गृहीत धरता येत नाही.

आधी बरोबर हिशेब

पुढील सर्व तपासणीसाठी एकच उदाहरण घेऊ. नोशनल, म्हणजे ज्या रकमेवर हिशेब होतो ती रक्कम, १ कोटी डॉलर आहे. स्ट्राइक, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर कॅप पैसे देते तो दर, ४.०० टक्के आहे आणि संदर्भ दर तीन महिन्यांचा टर्म सोफर हा डॉलरचा व्याजदर आहे. कॅपलेटचा कालावधी १५ जुलै २०२५ ते १५ ऑक्टोबर २०२५, म्हणजे ९२ दिवसांचा आहे. रीसेट दर, म्हणजे या कालावधीसाठी ठरलेला संदर्भ दर, ४.३२ टक्के धरला आहे. हा आणि पुढे येणारे इतर दर हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, प्रसिद्ध झालेले प्रत्यक्ष दर नव्हेत.

रीसेट दर स्ट्राइकपेक्षा जास्त असेल तर दोहोंतील फरक, आणि नसेल तर शून्य, ही हिशेबाची पहिली पायरी. येथे तो फरक ०.३२ टक्के आहे. त्याला नोशनल रकमेने गुणले की वर्षाला ३२,००० डॉलर होतात. कॅपलेट मात्र वर्षाचे नसून ९२ दिवसांचे आहे आणि डॉलरच्या नाणेबाजारात वर्ष ३६० दिवसांचे धरतात, म्हणून ३२,००० ला ९२ भागिले ३६० ने गुणायचे. उत्तर ८,१७७.७८ डॉलर येते. ही रक्कम कालावधीच्या शेवटी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, देय होते.

एक्सेलमध्ये हे सूत्र असे लिहावे. B2 मध्ये रीसेट दर, B3 मध्ये स्ट्राइक, B4 मध्ये नोशनल, B5 मध्ये कालावधीचा पहिला दिवस आणि B6 मध्ये शेवटचा दिवस आहे.

```
=MAX(B2-B3,0)*B4*(B6-B5)/360
```

याच उदाहरणातून आणखी एक आकडा काढून शीटच्या कोपऱ्यात ठेवावा: दर एका बेसिस पॉइंटने, म्हणजे ०.०१ टक्क्याने, बदलला तर रक्कम कितीने बदलते. १ कोटी डॉलरवर ९२ दिवसांसाठी हा आकडा २५५.५६ डॉलर आहे. पुढच्या तपासणीत त्याचा फार उपयोग होतो.

शीट शून्य दाखवते आणि बँक पैसे देते, किंवा उलट घडते

हा प्रकार सर्वांत आधी निकालात काढावा, कारण यात दिनगणनेचा किंवा दशांशांचा काही संबंध नसतो. जवळजवळ नेहमी कारण एकच निघते: शीटमध्ये देय तारखेसमोर चुकीच्या ओळीतील दर आला आहे.

तीन महिन्यांचा टर्म सोफर कालावधीच्या सुरुवातीला ठरतो आणि पैसे कालावधीच्या शेवटी मिळतात. त्यामुळे १५ ऑक्टोबरला मिळणाऱ्या रकमेसाठी जुलैमध्ये ठरलेला दर लागतो. ऑक्टोबरमध्ये ठरलेला दर पुढच्या कॅपलेटचा असतो आणि त्याचे पैसे जानेवारीत येतात. शीट देय तारखांनुसार रचली असेल आणि प्रत्येक तारखेसमोर त्या वेळचा ताजा दर खेचला जात असेल, तर हे सगळे एका ओळीने सरकते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने पाव टक्क्याची कपात केली. तिच्यासारख्या घटनेनंतर ही चूक ठळकपणे दिसते. ऑक्टोबरचा दर ३.९० टक्के धरला तर तो स्ट्राइकच्या खाली आहे, म्हणून शीट शून्य दाखवते. बँक मात्र जुलैच्या ४.३२ टक्क्यांवर ८,१७७.७८ डॉलर देते, आणि ते योग्य आहे.

एका ओळीची ही सरक बहुतेकदा पहिल्या कालावधीतून जन्माला येते. करार ज्या दिवसापासून लगेच सुरू होतो त्या पहिल्या तिमाहीचा दर करार करतानाच माहीत असतो, म्हणून तिच्यासाठी प्रथेनुसार कॅपलेट ठेवत नाहीत. एका वर्षाच्या तिमाही कॅपमध्ये म्हणूनच सहसा चारऐवजी तीन कॅपलेट असतात. शीट करणाऱ्याने कर्जाच्या चार हप्त्यांच्या शेजारी तीन कॅपलेट वरपासून भरले, तर पहिल्या ओळीपासूनच घसरण सुरू होते. दर स्थिर असताना ती लपून राहते, कारण शेजारच्या दोन ओळींतील दर जवळपास सारखेच असतात. कन्फर्मेशनमधील, म्हणजे व्यवहाराच्या अटी नोंदवणाऱ्या बँकेच्या पत्रातील, तारखांचा तक्ता समोर ठेवून प्रत्येक ओळीत रीसेटची तारीख, सुरुवात, शेवट आणि देय तारीख असे चार स्वतंत्र रकाने करावेत आणि दर फक्त रीसेटच्या तारखेवरून घ्यावा. ही दुरुस्ती एकदाच करावी लागते.

दोन्ही रकमा शून्य नाहीत, पण वेगळ्या आहेत

आता बँकेच्या रकमेला आपल्या रकमेने भागावे आणि उत्तर पाच दशांश स्थळांपर्यंत पाहावे. चूक कालावधीच्या किंवा नोशनलच्या बाजूला असेल तर या भागाकाराचा दराशी संबंध उरत नाही, आणि म्हणूनच त्यातून चूक ओळखता येते.

भागाकार १.०२२२२ आला तर तो ९२ भागिले ९० आहे. आपल्या शीटने तिमाहीला सरसकट ०.२५ वर्ष धरले आणि ८,००० डॉलर काढले, असा त्याचा अर्थ. मध्येच जुळणारी आणि पुन्हा बिघडणारी शीट सहसा हीच असते, आणि त्याचे कारण कॅलेंडरमध्ये आहे. १५ तारखेच्या चक्रात एप्रिल ते जुलै ९१ दिवस, जुलै ते ऑक्टोबर ९२, ऑक्टोबर ते जानेवारी पुन्हा ९२, आणि लीप वर्ष नसेल तर जानेवारी ते एप्रिल ९० दिवस असतात. शेवटच्या तिमाहीत ९० भागिले ३६० म्हणजे अचूक ०.२५, त्यामुळे चुकीची शीटसुद्धा त्या तिमाहीत बरोबर उत्तर देते. मार्चअखेरच्या लेखापरीक्षणाच्या सुमारास नमुना तपासणी म्हणून नेमकी हीच तिमाही पुढे केली, तर चूक आणखी वर्षभर टिकते. तपासणीसाठी ९२ दिवसांचीच तिमाही निवडावी.

भागाकार १.०१३८९ आला तर तो ३६५ भागिले ३६० आहे. शीटने वर्ष ३६५ दिवसांचे धरून ८,०६५.७५ डॉलर काढले आहेत. आपल्याकडे ही चूक होण्याचे कारण समजण्यासारखे आहे. रुपयातील कर्जाचे व्याज ३६५ दिवसांच्या पायावर काढण्याची सवय असते आणि डॉलर कर्जाची शीट बऱ्याचदा रुपयाच्या शीटची प्रत काढून तयार केलेली असते. या चुकीची खूण अशी की कोणत्याही तिमाहीत भागाकार तोच राहतो, कारण दिवसांची संख्या दोन्ही बाजूंनी सारखी असते आणि फक्त छेद वेगळा असतो.

तिसरा भागाकार जरा फसवा आहे. शीटमध्ये ८,०८८.४८ डॉलर आले असतील तर भागाकार १.०११०४ येतो. येथे कोणीतरी बरोबर काढलेल्या रकमेला एक अधिक रीसेट दर गुणिले कालावधी, म्हणजे १.०११०४ ने, भागून ती १५ जुलैच्या मूल्यात आणली आहे. रक्कम जुलैमध्येच निश्चित होते, म्हणून पाठ्यपुस्तकांत तिचे त्या दिवशीचे मूल्य असे काढून दाखवतात. मूल्यमापनासाठी ते योग्यही आहे. प्रत्यक्ष जमा होणारी रक्कम मात्र १५ ऑक्टोबरची असेल तर तिला ही वजावट लागू होत नाही. काही करारांत पैसे कालावधीच्या सुरुवातीलाच वजावट करून देण्याची अट असते आणि तिथे ८,०८८.४८ हाच बरोबर आकडा ठरतो, म्हणून देय तारीख कन्फर्मेशनमध्ये वाचल्याशिवाय या सूत्राला हात लावू नये.

फसवा म्हणण्याचे कारण असे. ९१ दिवसांच्या तिमाहीत ०.२५ च्या चुकीचा भागाकार १.०११११ येतो, आणि ४.३२ टक्क्यांवर त्याच तिमाहीत वजावटीचा भागाकार १.०१०९२ येतो. आठ हजारांच्या रकमेवर हा भेद दीड डॉलरचा आहे. दोन दशांशांवर थांबणाऱ्याला दोन्ही चुका एकच वाटतील. शंका असेल तर दुसऱ्या एखाद्या तिमाहीचा भागाकार काढावा: ०.२५ ची चूक दिवसांच्या संख्येबरोबर ठरावीक उड्यांनी बदलते, तर वजावटीची चूक दराबरोबरही हलते.

भागाकार १.१११११ किंवा त्याचा व्यस्त ०.९ यांसारखा सुटसुटीत अपूर्णांक आला तर नोशनल तपासावे. कर्जाची मुद्दल हप्त्यांनी फिटत असेल तर कॅपची नोशनलही तक्त्याप्रमाणे उतरत जाते, आणि कालावधी सुरू होताना असलेली रक्कम घ्यायची की आधीची, यात शीट चुकते. भागाकार १०० किंवा ०.०१ आला तर दर टक्क्यांत टंकला आहे की अपूर्णांकात, एवढेच पाहावे. दोहोंपैकी फक्त रीसेट दर टक्क्यांत गेला तर उत्तर इतके अवाढव्य येते (येथे १ कोटी ९ लाख डॉलरच्या वर, म्हणजे नोशनलपेक्षाही जास्त) की ते नजरेतून सुटत नाही.

भागाकार कशाशीच जुळत नाही तेव्हा

मग चूक दरात आहे असे समजावे. दर चुकला की भागाकाराला अर्थ उरत नाही, कारण रक्कम दराच्या नव्हे, तर दर आणि स्ट्राइक यांच्यातील फरकाच्या प्रमाणात असते. दर स्ट्राइकच्या एकच पॉइंट वर असताना एका पॉइंटची चूक रक्कम दुप्पट करते. अशा वेळी उलट दिशेने जावे. बँकेने दिलेल्या रकमेवरून तिने कोणता दर वापरला ते काढता येते. B7 मध्ये बँकेची रक्कम ठेवावी.

```
=B3+B7/(B4*(B6-B5)/360)
```

रक्कम शून्यापेक्षा जास्त असेल तरच हे सूत्र दर सांगते. शून्य रकमेवरून दर स्ट्राइकइतका किंवा त्याखाली होता एवढेच कळते.

समजा आपल्या शीटने ७,६६६.६७ डॉलर दाखवले आणि बँकेने ८,१७७.७८ दिले. फरक ५११.११ आहे. त्याला २५५.५६ ने भागले की बरोबर दोन बेसिस पॉइंट येतात. वरच्या सूत्राने बँकेचा दर ४.३२ टक्के आणि आपला ४.३० टक्के निघतो. आता प्रसिद्ध दरांच्या यादीत हे दोन दर कोणत्या तारखांना होते ते शोधावे. बहुधा असे आढळते की शीटने कालावधी सुरू होतो त्या १५ जुलैचा दर घेतला, तर करारानुसार दर त्याआधीच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशीचा, म्हणजे शुक्रवार ११ जुलैचा, घ्यायचा असतो.

येथे कामकाजाचा दिवस म्हणजे अमेरिकी सरकारी रोख्यांच्या बाजाराचा कामकाजाचा दिवस. मुंबईची किंवा न्यूयॉर्कमधील सर्वसाधारण बँकांची सुट्टी पाहून चालत नाही. आपल्याच उदाहरणाचा पुढचा कालावधी १५ ऑक्टोबर २०२५, बुधवारी सुरू होतो. मागे मोजताना मंगळवार १४ हा पहिला दिवस. सोमवार १३ ऑक्टोबर हा कोलंबस दिन असल्याने तो मोजायचा नाही, म्हणून दुसरा दिवस शुक्रवार १० ऑक्टोबर ठरतो. शीटमधील WORKDAY या फलनाला सुट्ट्यांची यादी दिली नसेल तर ते १३ ऑक्टोबर दाखवते. त्या तारखेसमोर दर नसला की लूकअप कधी मागचा दर उचलते, आणि तो योगायोगाने बरोबर निघतो. कोणी हाताने पुढचा, म्हणजे १४ तारखेचा, दर भरला तर तो चुकतो. सुट्ट्यांची यादी वेगळ्या पानावर ठेवून तिला Holidays हे नाव द्यावे आणि सूत्र असे लिहावे:

```
=WORKDAY(B5,-2,Holidays)
```

फरक पूर्ण पॉइंटांत न येता पॉइंटाच्या अंशात आला तर गोलाई तपासावी. टर्म सोफर टक्केवारीत पाच दशांश स्थळांपर्यंत प्रसिद्ध होतो. प्रसिद्ध दर ४.३१८६८ असेल आणि शीटमध्ये कोणी ४.३२ टंकला असेल तर रक्कम ८,१४४.०४ ऐवजी ८,१७७.७८ येते, म्हणजे ३३.७३ डॉलरचा फरक पडतो. या फरकाला २५५.५६ ने भागले की ०.१३२ मिळते, आणि ४.३२ वजा ४.३१८६८ हे नेमके तेवढेच पॉइंट आहेत. पडद्यावर दोनच दशांश दिसत असले तरी पेशीत पूर्ण दर असू शकतो, त्यामुळे पेशीवर क्लिक करून सूत्रपट्टीत पाहिल्याशिवाय गोलाईवर दोष टाकू नये.

याच गटातील एक मोठी चूक म्हणजे कर्जाचे मार्जिन दरात मिसळणे. कर्जावर सोफर अधिक १.७५ टक्के व्याज जात असेल तर खात्यातून जाणारा दर ६.०७ टक्के दिसतो, आणि त्यातून स्ट्राइक वजा करणारी शीट ५२,९०० डॉलरची अपेक्षा दाखवते. कॅपचे संरक्षण फक्त संदर्भ दराला असते. मार्जिन कंपनीला भरावेच लागते. बँक कमी पैसे देते अशी तक्रार करण्याआधी अपेक्षित आणि मिळालेल्या रकमेतील फरक मार्जिनइतक्या पॉइंटांचा तर नाही ना, हे पाहावे. येथे तो फरक १७५ गुणिले २५५.५६, म्हणजे सुमारे ४४,७२२ डॉलर, असेल.

दर तिमाहीला तेवढाच फरक

दर बदलला, दिवस बदलले, तरी फरक एका ठरावीक रकमेचा राहत असेल तर कॅपलेटच्या सूत्रात काहीही चुकलेले नाही. अशा वेळी कॅपचा प्रीमियम सुरुवातीला एकरकमी न देता हप्त्यांनी द्यायचे ठरले असावे आणि बँक तो कापून उरलेली रक्कम जमा करत असावी. याची खात्री सोपी आहे: कॅपलेटचे मूल्य शून्य असते त्या तिमाहीत तीच रक्कम कंपनीच्या खात्यातून वजा झालेली दिसते. हप्ता नोशनलवर आणि दिवसांवर टक्केवारीने बांधला असेल तर तो दिवसांप्रमाणे थोडा हलतो, एवढे लक्षात ठेवावे. शीटमध्ये कॅपलेटची रक्कम आणि प्रीमियमचा हप्ता यांना वेगळ्या ओळी द्याव्यात, निव्वळ रक्कम तिसऱ्या ओळीत घ्यावी आणि तुलना तिसऱ्या ओळीशी करावी.

ही पद्धत कुठे चालत नाही

वरील सर्व तपासणी कालावधीच्या सुरुवातीला ठरणाऱ्या दरासाठी आहे. काही कॅप रोजच्या सोफरच्या चक्रवाढीवर बांधलेल्या असतात. त्यांत जुलैमध्ये कोणताही दर निश्चित होत नाही. रोजचे दर जमा होत ऑक्टोबरमध्ये कालावधीचा दर तयार होतो आणि मग त्याची स्ट्राइकशी तुलना होते. अशा करारात बँकेच्या रकमेवरून काढलेला दर प्रसिद्ध यादीतील कोणत्याही एका तारखेशी जुळणार नाही, आणि तो जुळत नाही म्हणून बँक चुकली असे ठरत नाही. तिथे बँकेकडून रोजच्या दरांचा, प्रत्येक दर किती दिवस लागू होता त्याचा आणि निरीक्षणाचे दिवस किती मागे सरकवले आहेत त्याचा तक्ता मागवावा लागतो.

टर्म सोफरच्या करारात मात्र बँकेला लिहिताना केवळ रक्कम जुळत नाही असे न लिहिता उलट काढलेला दर, त्या दराची प्रसिद्धीची तारीख आणि करारानुसार यायला हवी ती रीसेटची तारीख, अशा तीन गोष्टी द्याव्यात. मग बँकेला कन्फर्मेशनमधील नेमक्या कलमावर बोट ठेवून उत्तर द्यावे लागते, आणि चूक बँकेची असली तर उरलेली रक्कम त्याच तिमाहीत मागता येते.